बँकेत अडीच लाख, तरी बारा हजारांची तूट

वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका बहुतेक संस्थांत सारखीच असते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, कार्यवाहांचा अहवाल, लेखापरीक्षित हिशेबांना मंजुरी, पुढील वर्षाचे अंदाजपत्रक, हिशेबतपासनिसांची नेमणूक आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय. हिशेबाचा विषय आला की खजिनदार उभे राहतात आणि छापील पानावरचे आकडे वरून खाली वाचून दाखवतात. सभासद ऐकतात, कोणी सूचक होतो, कोणी अनुमोदक, आणि 'मंजूर, मंजूर' म्हणून सभा पुढे सरकते. वर्षभर जमवलेल्या आणि खर्च केलेल्या पैशांचा सभासदांशी येणारा एकमेव प्रत्यक्ष संबंध एवढ्यातच संपतो.

आकडे वाचून दाखवणे हे खजिनदाराचे काम नव्हेच. ते छापलेले असतात आणि ज्याला वाचता येते तो ते वाचू शकतो. छापलेल्या कागदावर जे दिसत नाही ते सांगण्यासाठी खजिनदाराने उभे राहायचे असते. वर्ष नफ्यात गेले की तोट्यात, त्याचे कारण काय, बँकेतल्या पैशांपैकी संस्थेचे स्वतःचे किती आणि पुढच्या वर्षासाठी सभासदांनी काय ठरवायला हवे, या चार गोष्टी पाच-सहा मिनिटांत सांगता येतात. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी आहे. ती समजण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

समजा, सह्याद्रीत भटकंती करणारा एक गिरिभ्रमण क्लब आहे. संस्था काल्पनिक आहे, पण तिचे व्यवहार अशा क्लबांत नेहमी होतात तसेच आहेत. वर्षाला पाचशे रुपये वर्गणी भरणारे १८० सभासद आहेत, त्यांशिवाय काही आजीव सभासद आहेत. भाड्याची एक खोली आहे आणि तिच्यात तंबू, दोर, हार्नेस, कॅराबिनर असे साहित्य आहे. वर्षभर ट्रेक होतात आणि मे महिन्यात हिमालयात एक मोठी मोहीम जाते.

अशा संस्था महाराष्ट्रात साधारणपणे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदवलेल्या असतात आणि त्यांपैकी बहुतेकांची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडेही असते. त्यामुळे हिशेब कसा मांडायचा हे खजिनदाराच्या मर्जीवर राहत नाही. ३१ मार्चला वह्या बंद करायच्या, हिशेब तपासून घ्यायचे आणि ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक नियमांना जोडलेल्या आठव्या आणि नवव्या परिशिष्टाच्या नमुन्यात तयार करायचे. सभासदांच्या हातात पडणारी पत्रके हीच.

आता या क्लबचे उत्पन्न-खर्च पत्रक पाहू. वार्षिक वर्गणीचे ९० हजार, मोहिमांच्या शुल्कातून ३ लाख ६० हजार, मुदत ठेवींच्या व्याजाचे ४२ हजार आणि देणग्यांचे १८ हजार मिळून उत्पन्न ५ लाख १० हजार रुपये झाले. खर्चाच्या बाजूला मोहिमांवर, म्हणजे बस, जेवण, मुक्काम, वाटाड्यांचे मानधन यांवर ३ लाख ३६ हजार, खोलीचे भाडे ७२ हजार, व्याख्याने आणि छपाई ४६ हजार, विमा व किरकोळ २४ हजार आणि साहित्यावरचा घसारा ४४ हजार, असे ५ लाख २२ हजार रुपये गेले. वर्ष १२ हजारांच्या तुटीत संपले.

पण याच क्लबचे बँक पासबुक वेगळेच काही सांगते. १ एप्रिलला खात्यात १ लाख ६५ हजार रुपये होते आणि ३१ मार्चला २ लाख ५४ हजार आहेत. शिल्लक ८९ हजारांनी वाढली आहे. सभेत कोणीतरी हात वर करून हमखास विचारतो, "पैसे वाढले, मग तूट कसली?" प्रश्न अगदी रास्त आहे. खजिनदाराकडे त्याचे सरळ उत्तर नसेल तर सभासदांना दोनच निष्कर्ष काढता येतात. एक तर हिशेब चुकला आहे, नाही तर काहीतरी लपवले जात आहे. वस्तुतः दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पासबुक सांगते पैसा केव्हा आला आणि केव्हा गेला. उत्पन्न-खर्च पत्रक सांगते की या बारा महिन्यांचे म्हणून कमावलेले किती आणि या बारा महिन्यांसाठी खर्चलेले किती.

फरक कुठून पडला ते एकेक करून बघू. मे महिन्याच्या हिमालय मोहिमेसाठी २० जणांनी मार्चमध्येच प्रत्येकी ८ हजार रुपये भरले. हे १ लाख ६० हजार रुपये खात्यात आले, पण मोहीम पुढच्या आर्थिक वर्षात आहे. मोहीम झाली नाही तर ते परत द्यावे लागतील. घरात भावाने मुलीच्या लग्नासाठी ठेवायला दिलेले पैसे कपाटात असले म्हणून आपण श्रीमंत होत नाही, तसेच हे. ताळेबंदात ते 'आगाऊ जमा' म्हणून देण्यांच्या बाजूला बसतात. दुसरे म्हणजे वर्षात १२ नवे आजीव सभासद झाले. त्यांचे प्रत्येकी ५ हजारांप्रमाणे ६० हजार रुपये आले, तेही उत्पन्नात धरलेले नाहीत. त्याचे कारण पुढे येईलच. तिसरे, मार्चअखेरच्या ट्रेकच्या बसचे २२ हजारांचे बिल आले आहे पण चुकते करायचे राहिले आहे. खर्च या वर्षाचा असल्यामुळे तो पत्रकात धरला, पैसे मात्र अजून खात्यातच आहेत. चौथा घसारा. तंबू आणि दोर वापरून जुने झाले त्याची किंमत ४४ हजार धरली, पण त्यासाठी कोणाला धनादेश दिलेला नाही.

या चार कारणांनी बँकेतली रक्कम पत्रकापेक्षा २ लाख ८६ हजारांनी जास्त दिसते. उलट बाजूने तीन गोष्टींसाठी पैसे गेले पण त्या या वर्षाच्या खर्चात नाहीत. नवे तंबू आणि दोर ८० हजारांचे घेतले, ते अनेक वर्षे वापरले जाणार म्हणून मालमत्तेत गेले. हिमालय मोहिमेच्या रेल्वे तिकिटांचे ४५ हजार आधीच भरले. आजीव वर्गणीचे ६० हजार मुदत ठेवीत टाकले. एकूण १ लाख ८५ हजार. २ लाख ८६ हजारांतून ते वजा केले की उरतात १ लाख १ हजार. त्यातून तुटीचे १२ हजार काढले की नेमके ८९ हजार, म्हणजे बँकेत वाढलेली शिल्लक. कोडे सुटले.

खजिनदाराने ही सगळी बेरीज-वजाबाकी सभेत करू नये. तिच्यातून निघणारा एकच आकडा सांगावा. खात्यात २ लाख ५४ हजार आहेत. हिमालय मोहिमेच्या १ लाख ६० हजारांपैकी ४५ हजार तिकिटांवर गेले, म्हणजे मोहिमेचे १ लाख १५ हजार अजून खात्यात आहेत. बसवाल्याचे २२ हजार देणे आहे. ते दोन्ही बाजूला काढले की क्लबला मोकळेपणाने वापरता येणारे १ लाख १७ हजार उरतात. अडीच लाखांऐवजी १ लाख १७ हजार हा आकडा डोळ्यांसमोर असला, की नवी खोली घ्यावी का, आणखी चार तंबू घ्यावेत का, या चर्चेला वेगळेच वळण लागते.

आता आजीव वर्गणीकडे वळू. छोट्या संस्थांच्या हिशेबात सर्वांत मोठी चूक इथे होते, आणि तीही चांगल्या हेतूने. आजीव सभासद एकदाच पैसे भरतो आणि नंतर आयुष्यभर संस्थेच्या सोयी वापरतो. त्याच्यासाठी दरवर्षी होणारा खर्च त्या एकाच रकमेच्या व्याजातून भागला पाहिजे. म्हणून ती रक्कम कायम निधीत जमा करून मुदत ठेवीत ठेवायची आणि उत्पन्नात फक्त तिचे व्याज घ्यायचे, ही चांगली प्रथा आहे. आपल्या क्लबने ते ६० हजार उत्पन्नात दाखवले असते, तर १२ हजारांच्या तुटीऐवजी ४८ हजारांचा वाढावा दिसला असता. सभेने टाळ्या वाजवल्या असत्या. आणि संस्था प्रत्यक्षात आपले भांडवल खात राहिली असती. दहा-पंधरा वर्षे असे चालले, की एक दिवस वार्षिक वर्गणीदार कमी आणि आजीव सभासद जास्त होतात, आणि त्यांचे पैसे केव्हाच संपलेले असतात.

हे तपासण्याची सोपी खूण ताळेबंदातच असते. डावीकडे आजीव सभासद निधीचा आकडा बघायचा आणि उजवीकडे मुदत ठेवींचा. आपल्या क्लबचा निधी ६ लाखांचा आहे आणि ठेवी ६ लाख ६० हजारांच्या. ठेवी निधीपेक्षा जास्त, म्हणजे निधी शाबूत. निधी ६ लाख आणि ठेवी ४ लाख असे दिसले, तर २ लाख कुठे गेले हा प्रश्न त्याच सभेत विचारायला हवा.

हाच धागा पकडून खजिनदाराला आणखी एक उपयोगी गणित मांडता येते. ठेवीवर ७ टक्के व्याज धरले तर ५ हजारांवर वर्षाला ३५० रुपये मिळतात. वार्षिक सभासद मात्र ५०० रुपये देतो. म्हणजे प्रत्येक आजीव सभासदामागे क्लब दरवर्षी दीडशे रुपये कमी मिळवतो. आजीव वर्गणी साडेसात हजार केली तर व्याज ५२५ रुपये होते आणि दोघे एका पातळीवर येतात. आजीव वर्गणी किती असावी याचे उत्तर परंपरेत किंवा शेजारच्या संस्थेच्या दरात शोधण्याऐवजी या भागाकारात शोधावे.

ठेवी किती आहेत याइतकेच त्या कुठे आहेत हेही सांगायला हवे. सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी पैसा कुठे गुंतवावा यावर १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३५ ने मर्यादा घातली आहे. अनुसूचित बँका, टपाल बचत, शासनाने मान्यता दिलेल्या सहकारी बँका, सरकारी रोखे अशा ठरावीक जागाच तिथे चालतात. या कलमाबाहेर पैसा गुंतवला आहे का, हे हिशेबतपासनिसाला आपल्या अहवालात लिहावे लागते. जास्त व्याजाच्या मोहाने एखाद्या पतपेढीत किंवा ओळखीच्या व्यावसायिकाकडे ठेवलेला पैसा तिथे उघडा पडतो.

कायद्यात बसणारी बँकही अडचणीत येऊ शकते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. मुंबई परिसरातल्या कितीतरी गृहनिर्माण संस्थांचे पैसे त्यात अडकले. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. दरम्यान, फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदारासाठी एक लाखावरून पाच लाखांवर गेली. या मर्यादेत मुद्दल आणि व्याज दोन्ही येते आणि त्याच बँकेच्या सगळ्या शाखांतली खाती एकत्र धरली जातात. आपल्या क्लबच्या ठेवी ६ लाख ६० हजारांच्या आहेत आणि वर चालू खाते आहे. हे सगळे एका बँकेत असेल तर विम्याबाहेर मोठी रक्कम राहते. ते दोन बँकांत विभागून ठेवले, तर ठेवींवरच्या जोखमीचा मोठा भाग एक पैसाही खर्च न करता कमी होतो.

हिशेबतपासनिसाचा अहवाल हा सभेत बहुधा कोणीच न उघडणारा कागद. 'हिशेब तपासून झाले आहेत' एवढे वाक्य पुरेसे वाटते. पण नियमांप्रमाणे त्या अहवालात नेमक्या प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. तपासणीच्या दिवशी हाती असलेली रोख आणि व्हाउचर वह्यांशी जुळली का, एक वर्षाहून अधिक काळ थकलेली येणी किती, बुडीत म्हणून काय सोडून दिले, ठरावीक रकमेवरच्या दुरुस्तीसाठी निविदा मागवल्या होत्या का. तपासनिसाने एखादा शेरा मारला असेल तर खजिनदाराने तो स्वतःहून वाचून दाखवावा. तो नंतर कोणी सभासदाने शोधून काढला, तर साधी त्रुटीही लपवाछपवी ठरते.

आपल्या क्लबच्या अहवालात असा एक शेरा आहे. तीन ट्रेकमधल्या गावातल्या जेवणाच्या ६,४०० रुपयांच्या पावत्या नाहीत, फक्त मोहीमप्रमुखाच्या सहीची व्हाउचरे आहेत. पायथ्याच्या वाडीतल्या घरी पिठलं-भाकरी जेवल्यावर छापील पावती मिळणार कुठून? खर्च खरा असतो, पुरावा कच्चा असतो. उपायही साधा आहे. क्लबने स्वतःची पावतीची वही छापायची आणि पैसे घेणाऱ्याचे नाव, गाव, रक्कम व सही किंवा अंगठा तिच्यावर घ्यायचा.

एवढी तयारी झाली की भाषण लिहायला वेळ लागत नाही. आपल्या क्लबच्या खजिनदारांनी ते असे करावे.

"अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीतील सहकारी आणि सभासद मित्रहो, नमस्कार. ३१ मार्चअखेरच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब आपल्याला सभेच्या सूचनेबरोबरच पाठवले आहेत, त्यामुळे मी ते वाचून दाखवत नाही. त्यांचा अर्थ सांगतो.

"यंदा आपल्याला १२ हजार रुपयांची तूट आली. गेल्या वर्षी २६ हजारांचा वाढावा होता. म्हणजे आपण ३८ हजारांनी मागे आलो. त्याची तीन कारणे आहेत. खोलीचे भाडे ५४ हजारांवरून ७२ हजार झाले. नवे साहित्य घेतल्यामुळे घसारा ९ हजारांनी वाढला. आणि पावसाळ्यातले दोन ट्रेक आयत्या वेळी रद्द करावे लागले, बसची आगाऊ रक्कम परत मिळाली नाही, त्यामुळे मोहिमांमधून उरणारी रक्कम ३५ हजारांवरून २४ हजारांवर आली. भाडे आणि घसारा पुढच्या वर्षीही राहणार आहेत. रद्द झालेल्या ट्रेकचे नुकसान मात्र टाळता येण्यासारखे आहे, म्हणून यापुढे ट्रेकच्या सात दिवस आधीपर्यंत बस रद्द करता येईल अशीच बोलणी आम्ही करणार आहोत.

"आपल्या खात्यात २ लाख ५४ हजार रुपये आहेत. हा आकडा पाहून तूट कशी, असे कोणालाही वाटेल. यातले १ लाख १५ हजार हिमालयाला जाणाऱ्या वीस सभासदांचे आहेत आणि २२ हजार बसचे देणे आहे. क्लबचे स्वतःचे वापरता येण्याजोगे पैसे १ लाख १७ हजार आहेत. आपला भाडे, कार्यक्रम आणि किरकोळ मिळून ठरलेला खर्च वर्षाला १ लाख ४२ हजारांचा आहे. म्हणजे दुसरे काहीही उत्पन्न आले नाही तर सुमारे दहा महिने पुरेल एवढी ही गंगाजळी आहे.

"आजीव सभासद निधी आता ६ लाखांचा झाला आहे आणि त्यासमोर ६ लाख ६० हजारांच्या मुदत ठेवी आहेत. या निधीला आपण हात लावलेला नाही. सध्या सर्व ठेवी एकाच बँकेत आहेत. मुदत संपेल तशा त्यातल्या निम्म्या ठेवी दुसऱ्या अनुसूचित बँकेत हलवण्याचा कार्यकारिणीचा निर्णय झाला आहे.

"हिशेबतपासनिसांनी एक शेरा दिला आहे, तो वाचून दाखवतो. तीन मोहिमांतील ६,४०० रुपयांच्या खर्चाला तिऱ्हाइताची पावती नाही. शेरा योग्य आहे. आम्ही पावतीची वही छापली आहे आणि एप्रिलपासून प्रत्येक मोहीमप्रमुखाकडे ती दिली आहे.

"आता आपल्याला दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. वार्षिक वर्गणी ५०० वरून ६०० रुपये करावी. १८० सभासदांचे मिळून १८ हजार वाढतील आणि तूट भरून थोडे हाती राहील. आजीव वर्गणी ५ हजारांवरून साडेसात हजार करावी, म्हणजे तिचे व्याज वार्षिक वर्गणीच्या जवळपास येईल. हे दोन्ही ठराव पुढच्या विषयात येतील. आधी हिशेबाबद्दल कोणाला काही विचारायचे असेल तर जरूर विचारा. वह्या आणि व्हाउचरे मी सोबत आणली आहेत. सभेनंतर ज्यांना पाहायची असतील त्यांनी पाहावीत. मोहीमप्रमुखांनी पावत्या वेळेवर दिल्या आणि तपासनिसांनी काम मुदतीत पुरे केले, त्याबद्दल दोघांचेही आभार. हे हिशेब सभेने मंजूर करावेत अशी विनंती करतो."

हे भाषण सावकाश केले तरी सहा मिनिटांच्या आत संपते. त्यात तूट पहिल्याच वाक्यांत सांगितली आहे. वाईट बातमी शेवटच्या पानासाठी राखून ठेवली की तोवरचे सगळे आकडे संशयाने ऐकले जातात. गेल्या वर्षाशी तुलना फक्त बदललेल्या बाबींची केली आहे, कारण न बदललेल्या बाबी ऐकण्यात कोणाला काही मिळत नाही. प्रत्येक कारणामागोमाग उपाय आला आहे किंवा उपाय नाही हे स्पष्ट केले आहे. वर्गणीवाढीची मागणी शेवटी आली, पण तिचे कारण सभासदांना त्याआधीच कळलेले होते.

प्रश्नोत्तरांत खजिनदाराने एक पथ्य पाळावे. ज्याचे उत्तर जवळ नाही, त्याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. "वही बघून आठ दिवसांत लेखी कळवतो" असे सांगावे, तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि खरोखर कळवावे. सभेत बोलून गेलेला चुकीचा आकडा इतिवृत्तात बसतो आणि पुढच्या वर्षी त्याचाच जाब द्यावा लागतो.

सभासदांनीही आपली बाजू सांभाळायला हवी. ताळेबंदाच्या उजव्या बाजूला 'येणे' आणि 'उचल' या सदरांखालची रक्कम मागच्या वर्षीच्या रकमेशी ताडून बघावी. एखाद्या पदाधिकाऱ्याच्या नावावरची उचल दोन-तीन वर्षे तशीच असेल, तर ती खर्चाची पावती न आलेली रक्कम आहे की दिलेले कर्ज, हे विचारावे. 'उचंत' या खात्यात मोठी रक्कम दिसली तर ती कशाची हे अजून ठरलेले नाही असा तिचा अर्थ, आणि ३१ मार्चनंतर काही महिने उलटूनही ते ठरले नसेल तर हिशेब पूर्ण झालेले नाहीत. अशा गोष्टी विचारणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखवणे नव्हे. विनामोबदला काम करणाऱ्या प्रामाणिक खजिनदाराला पुढे कुजबुजीपासून वाचवतात ते भर सभेत विचारलेले आणि इतिवृत्तात उतरलेले हेच प्रश्न.

म्हणून पुढच्या सभेला जाताना सूचनेबरोबर आलेली पत्रके घरी एकदा वाचा. ती आली नसतील तर सभेआधीच कार्यवाहांकडे मागा. आणि खजिनदार बोलून झाल्यावर, मंजूर म्हणण्याआधी, एवढे जरूर विचारा: खात्यात दिसणाऱ्या पैशांपैकी आपल्या संस्थेचे स्वतःचे किती?